पीस आणि पाण्याचं भांडं एकाच वजनाचं

सप्टेंबर १७७४. न्यू कॅलेडोनियापाशी नांगर टाकलेल्या कॅप्टन कुकच्या जहाजावर एका अनोळखी माशाचं यकृत आणि गाबोळी शिजली. कुकने आणि सोबतच्या फॉर्स्टर पितापुत्रांनी ती चवीपुरतीच खाल्ली. पहाटे तिघांचेही हातपाय बधिर होऊन गळून गेले. पाण्याने भरलेलं भांडं आणि पक्ष्याचं पीस हातात सारखंच लागतं, असं कुकने रोजनिशीत नोंदवलं. आतडी खाल्लेलं डुक्कर तर मेलंच.

तो मासा कोकणात ज्याला केंड म्हणतात, त्या कुळातला होता. त्याच्यातलं टेट्रोडोटॉक्सिन चेतातंतूची नेमकी एक जागा पकडतं.

विश्रांतीत तंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. धक्क्याने हा फरक ५५ च्या आसपास उतरला, की सोडियमचे चॅनेल भराभर उघडतात. धनभारित सोडियम आत घुसतो, त्याने आणखी चॅनेल उघडतात आणि आतला दाब उसळून शून्यापलीकडे, साधारण अधिक ४० पर्यंत जातो. लगेच हे चॅनेल आपणहून बंद पडतात. तोवर पोटॅशियमचे जरा सुस्त चॅनेल उघडलेले असतात. पोटॅशियम बाहेर पडतो आणि दाब खाली येतो. हे चॅनेल मिटायलाही वेळ घेतात, म्हणून तो क्षणभर मूळ पातळीच्याही खाली जातो. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड तंतूवर मोजमापं घेऊन त्याचं गणित मांडलं.

टेट्रोडोटॉक्सिन सोडियमच्या चॅनेलचं तोंड बाहेरून बुजवतं. विश्रांतीतला दाब जवळपास तसाच राहतो, पण उसळी येत नाही. स्पर्शाचा संदेश मेंदूपर्यंत जात नाही, स्नायूंना हुकूम मिळत नाही. रोगी शुद्धीवर असू शकतो, श्वास मात्र थांबतो. उतारा नाही, विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास द्यावा लागतो. दाताच्या डॉक्टरचं लिग्नोकेनही हेच चॅनेल अडवतं, पण तंतूच्या आत शिरून. सुजून पू झालेल्या हिरडीत आम्लता वाढते, औषध आत कमी शिरतं, म्हणून तिथे भूल नीट चढत नाही.

पोटॅशियमचे चॅनेल अडवले, तर चित्र उलटं होतं. १९५७ मध्ये तासाकी आणि हागिवारा यांनी माकुळाच्या तंतूत टेट्राएथिल अमोनियम सोडलं. उसळी नेहमीसारखी आली, उतरता उतरेना. माथ्यावर पठार झालं. शेवटी ती उतरते, कारण सोडियमचे चॅनेल मिटतात आणि थोडी गळती चालूच असते.

या लांबलेल्या उसळीचा औषध म्हणून उपयोग होतो, ही गंमतच. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तंतूवरचं मायलिनचं वेष्टण झडतं, त्याखालचे पोटॅशियमचे चॅनेल उघडे पडतात आणि क्षीण झालेला संदेश वाटेतच विरतो. ४-अमिनोपायरिडिनने ते अडवले, की काही रुग्णांची चाल सुधारते. मात्रा वाढली, तर शाबूत तंतूही अवेळी पेटतात आणि झटके येतात.