ऑडिटचा अहवाल मालकाला कळेल असा

ऊर्जा ऑडिटचा अहवाल साठ-सत्तर पानांचा असतो. कारखान्याचा मालक त्यातली दोन पानं वाचतो: कव्हर आणि शेवटचा बचतीचा तक्ता. मधलं सगळं इंग्रजीत असतं म्हणून तो वाचत नाही, असं ऑडिटरला वाटतं. मग कोणीतरी म्हणतं, मराठीत करून द्या. अनुवादक शब्दकोश उघडतो आणि 'शक्तिगुणक', 'कमाल मागणी', 'धारित्र संच' असं लिहून अहवाल परत करतो. मालक तो उघडतो, चार ओळी वाचतो आणि बंद करतो. आधी निदान इंग्रजीचा दोष होता!

अशा अहवालांचं मराठी करताना माझा पहिला नियम साधा आहे. इलेक्ट्रिशियन पॅनेलसमोर उभा राहून जो शब्द वापरतो, तोच अहवालात ठेवायचा. तो पीएफ म्हणतो, एमडी म्हणतो, कॅपॅसिटर म्हणतो. हे शब्द मराठीच झालेले आहेत. खरा घोळ होतो तो सोप्या दिसणाऱ्या शब्दांत. 'डिमांड' म्हटलं की आपल्याकडच्या कारखानदाराला डिमांड नोट आठवते, म्हणजे कनेक्शनसाठी भरायचे पैसे. 'लॉसेस'चं 'तोटा' केलं की तो ताळेबंदातला तोटा शोधू लागतो. 'लीडिंग पीएफ'चं कोणी 'आघाडीचा पीएफ' केलं, तर ती शाबासकी वाटते. प्रत्यक्षात ती तक्रार असते. ती कशी, ते पुढे येईलच.

आता एक कारखाना घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत असे धरतो. उच्चदाबावर वीज घेणारा मशीन शॉप आहे. महावितरणशी करार ३५० केव्हीएचा आहे. ऑडिटरने लिहिलंय की भर कामाच्या वेळी लोड ३०० किलोवॅट, पीएफ ०.८२ आणि एमडी ३६६ केव्हीए आहे. शिफारस एका ओळीची आहे: पीएफ ०.९९ वर आणण्यासाठी १६७ केव्हीएआर कॅपॅसिटर बसवा.

या एका ओळीत मालकाला हवं असलेलं सगळं आहे, पण ते उलगडावं लागतं.

३०० किलोवॅट ही काम करणारी वीज. लेथ फिरतो, हवा दाबली जाते, ती याच विजेवर. पण मोटारीला फिरण्याआधी आत चुंबकत्व तयार करावं लागतं आणि त्यासाठी ती वेगळा करंट ओढते. हा करंट काम करत नाही, नुसता लाइनमधून येतो आणि परत जातो, मात्र केबल, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर यांना तो वाहावाच लागतो. त्याचं माप केव्हीएआर. किलोवॅट आणि केव्हीएआर यांचा एकत्रित भार म्हणजे केव्हीए. तो साध्या बेरजेने येत नाही, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखा येतो. ३०० ला ०.८२ ने भागलं की ३६६ येतात, तेच हे केव्हीए. पीएफ समजावताना लस्सीवरच्या फेसाची उपमा फार चालते. मला ती आवडत नाही, कारण मालक म्हणतो, फेस तर फुकट असतो. हा फुकट नाही.

कॅपॅसिटर काय करतो? मोटारीला लागणारा हा येरझाऱ्या घालणारा करंट तो जागच्या जागी पुरवतो, म्हणजे तो महावितरणच्या लाइनवरून आणावा लागत नाही. पीएफ ०.९९ झाला की तेच ३०० किलोवॅटचं काम ३०३ केव्हीएत भागतं. लोड तेवढाच, मशीन तेवढीच, पण मीटरला ६३ केव्हीए कमी दिसतात. इथे अहवालात एक वाक्य मी हमखास दुरुस्त करायला लावतो. 'कॅपॅसिटरमुळे वीजवापर दहा-पंधरा टक्के कमी होईल' असं कोणी लिहिलं असेल, तर ते खरं नाही. मोटार पूर्वी जितकी वीज खात होती तितकीच खाणार. केबलमध्ये वाया जाणारी उष्णता थोडी घटते, इतकंच.

मग पैसे वाचतात कुठे? बरेच अहवाल जुन्या साच्यावर लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत अजूनही पीएफच्या 'इन्सेन्टिव्ह'चा वेगळा तक्ता सापडतो. महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून युनिटचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे येरझाऱ्या घालणाऱ्या करंटसकट. इन्सेन्टिव्ह आणि दंड आता वेगळ्या ओळीत दिसत नाहीत, ते युनिटमध्येच मुरलेले असतात. मालकाने बिलात 'पीएफ पेनल्टी' शोधली आणि ती सापडली नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नये.

आपल्या कारखान्याचा महिन्याचा वापर ९०,००० किलोवॅट-तास आणि सरासरी पीएफ ०.८४ धरू. बिल येतं सुमारे १,०७,१०० केव्हीएएचचं. पीएफ ०.९९ झाल्यावर ते ९०,९०० च्या आसपास येईल. फरक १६,२०० चा. दर ९ रुपये धरला, तर महिन्याला जवळपास १,४६,००० रुपये. डिमांडचा दर ६०० रुपये धरला, तर ६३ केव्हीएचे ३७,८०० रुपये. करारापेक्षा जास्त झालेल्या १६ केव्हीएचा दंड वाचेल तो वेगळा. दर मी मांडणीसाठी घेतलेत, प्रत्येकाने आपल्या ताज्या बिलातले घ्यावेत. पण प्रमाण पाहा: मालक आयुष्यभर एमडीची काळजी करत असतो आणि मोठी रक्कम जाते ती युनिटच्या ओळीतून.

एमडीविषयीही एक समज पक्का बसलेला असतो. मोठी मोटार सुरू होताना करंट उसळतो आणि तो मीटर पकडतो, असं सगळे सांगतात. मीटर तो झटका मोजत नाही. वीज नियामक आयोगाच्या व्याख्येनुसार एमडी म्हणजे कोणत्याही सलग अर्ध्या तासात घेतलेल्या सगळ्यात जास्त युनिटांची दुप्पट. मोटारीने दहा सेकंद ३०० केव्हीए जास्तीचे ओढले, तरी १,८०० सेकंदांच्या सरासरीत ते दोन केव्हीएसुद्धा भरत नाहीत. एमडी वाढतो तो अर्धा तास एकत्र चाललेल्या लोडने: सकाळी भट्टी तापते आहे, दोन्ही कॉम्प्रेसर चालू आहेत आणि त्याच वेळी सगळी मशीन भरात आहेत. म्हणून अहवालाच्या परिशिष्टातला 'लोड सर्व्हे'चा कंटाळवाणा तक्ता मी गाळत नाही. त्यातली सगळ्यात वाईट चार-पाच अर्धे तास निवडून तारीख आणि वेळ लिहितो. सुपरवायझरला त्यावरून लगेच आठवतं, त्या दिवशी काय चालू होतं.

आता १६७ केव्हीएआर. बहुतेक कारखान्यांत कॅपॅसिटरचं पॅनेल आधीपासून असतं. आपल्याकडेही २५ चे सहा स्टेप, म्हणजे पाटीवर १५० केव्हीएआर आहेत. मालकाचा प्रश्न रास्त असतो: पॅनेल असताना पीएफ ०.८२ का? याचं उत्तर अहवालात नसतं, ते पॅनेलचं दार उघडून क्लॅम्प मीटर लावल्यावर मिळतं. कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यायचा, एकेक स्टेप चालू करायची आणि तिन्ही फेजचा करंट लिहायचा. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआर कॅपॅसिटर ४१५ व्होल्टवर साधारण ३१ अँपिअर घेतो. समजा तीन स्टेपवर ३१ दिसले, एकीवर १४, एकीवर ११ आणि एकीवर शून्य. शेवटच्या स्टेपचा फ्यूज उडालाय किंवा कॉन्टॅक्टर ओढतच नाही. बाकीच्या दोघांचे कॅपॅसिटर आतून संपत आलेत. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर मात्र सहाही दिवे लागलेले असतात, कारण तो फक्त हुकूम देतो, कॅपॅसिटरने तो पाळला का हे बरेच कंट्रोलर पाहत नाहीत.

आणखी एक बारकावा. ४१५ व्होल्टवर धडधाकट स्टेपसुद्धा २५ नाही, सुमारे २२ केव्हीएआरच देते, कारण कॅपॅसिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. पाटीवरचे आकडे जोडून केलेली बेरीज त्यामुळे नेहमी फुगलेली असते.

या हिशेबाने तीन स्टेप दुरुस्त केल्या की साधारण ४९ केव्हीएआर परत मिळतात. पीएफ ०.८८ होतो आणि एमडी ३४० वर येतो. करार ३५० चा आहे, म्हणजे नवं पॅनेल न घेताच दंड थांबतो. उरले ११८ केव्हीएआर, त्यासाठी ४४० व्होल्टचे २५ चे आणखी सहा स्टेप लागतील. मराठी अहवालात मी ही शिफारस दोन ओळींत तोडतो: आधी या आठवड्यात करायची दुरुस्ती, मग कोटेशन मागवून करायची खरेदी. कोटेशनचा आकडा महिन्याच्या बचतीने भागला की पैसे किती महिन्यांत फिटतात ते मालकाला स्वतःच काढता येतं.

खरेदीआधी दोन अडचणी तपासायला हव्यात. पहिली रात्रीची. रात्री फक्त ४० किलोवॅट लोड आहे आणि एखाद्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटून गरजेपेक्षा ३० केव्हीएआर जास्तीचे कॅपॅसिटर लाइनवर राहिलेत. मग तोच प्रकार उलट्या दिशेने होतो. याला लीडिंग म्हणतात. महावितरणचा मीटर मागे पडलेला आणि पुढे गेलेला, दोन्ही केव्हीएआर धरतो. ४० किलोवॅटचं काम ५० केव्हीए म्हणून मोजलं जातं. म्हणून पॅनेलमध्ये २५ च्याच स्टेप न घेता ५ आणि १० चे एक-दोन छोटे घ्यावेत आणि रविवारचा लोड सर्व्हे मुद्दाम पाहावा.

दुसरी अडचण ड्राइव्हची. सीएनसी, व्हीएफडी किंवा इंडक्शन भट्टी असली की लाइनमध्ये हार्मोनिक्स असतात आणि साधा कॅपॅसिटर ते ओढून घेतो. खूण सोपी आहे: क्लॅम्प मीटरवर ३१ च्या जागी ३८-४० अँपिअर दिसतात, डबा फुगतो, हाताला चटका बसेल इतका तापतो, फ्यूज वारंवार उडतात. अशा ठिकाणी ७ टक्के रिॲक्टर लावलेले कॅपॅसिटर घ्यावे लागतात. रिॲक्टरमुळे कॅपॅसिटरवर व्होल्टेज वाढतं, त्यामुळे ४४० ऐवजी वरच्या व्होल्टेजचे डबे लागतात आणि किंमत वाढते. इथे स्वस्त कोटेशन घेतलं, तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तोच ०.८२ समोर येतो. (आणि हो, एका मराठी अहवालात मी या रिॲक्टरचं 'अणुभट्टी' झालेलं पाहिलं आहे.)

ज्या मालकांच्या टेबलावर असा अहवाल पडून आहे, त्यांनी ऑडिटरकडे दोनच कागद मागावेत: प्रत्येक स्टेपचा मोजलेला करंट, आणि बचतीचा हिशेब त्यांच्या शेवटच्या बारा बिलांच्या केव्हीएएचवर केलेला. हे दोन मिळेपर्यंत नव्या पॅनेलची ऑर्डर देऊ नये.