पाच माणसं, पण साठच किलो

फॅमिली ग्रुपवर विमान कंपनीच्या नियमांचा स्क्रीनशॉट येतो: चेक-इन १५ किलो, केबिन ७ किलो. पुण्याहून दिल्लीला उडून पुढे मनालीला जाणारं एक कुटुंब धरू. आई, बाबा, आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि मांडीवरचं दीड वर्षाचं बाळ. पाच पंधरे पंचाहत्तर म्हणून बॅगा भरायला घेतल्या, तर विमानतळावर हमखास जादा पैसे पडतील. मांडीवरच्या बाळाला देशांतर्गत विमानात सहसा चेक-इन सामान मिळत नाही, आणि नेमकी तीच ओळ स्क्रीनशॉटमध्ये कापली गेलेली असते.

म्हणून आधी स्क्रीनशॉटच्या कडा बघायच्या. वर मार्ग आणि भाड्याचा प्रकार दिसतो का? आकड्याशेजारी फुली असेल तर तिची तळटीप कुठे आहे? मग आपलं तिकीट उघडून ताडून घ्यायचं. तिथे 15K लिहिलं असेल तर ती किलोंची मर्यादा, 1PC असेल तर नगांची. देशांतर्गत प्रवासात पुष्कळदा दोन्ही अटी एकदम असतात: पंधरा किलो, तेही एकाच बॅगेत.

आपल्या कुटुंबाला चार बॅगा, ६० किलो मिळाले. घरचा काटा आणि काउंटरचा काटा क्वचितच जुळतात, म्हणून दर बॅगेला १४ किलोच धरावे. झाले ५६. आता रिकाम्या बॅगा वजन करा, हे बहुतेक जण विसरतात. दोन कडक सुटकेस चार-चार किलोंच्या, एक मध्यम तीन किलोंची, एक कापडी एक किलोची: बारा किलो नुसत्या बॅगांचेच. उरले ४४. परतताना शाली, सफरचंदं येणार, त्यांना आठ किलो राखले की जाताना भरायला ३६.

वाटणी अशी: आई-बाबांचे आठ-आठ किलो कडक सुटकेसींत. मुलीचे सहा आणि बाळाचे चार मध्यम बॅगेत. आजीचे सात आणि खाऊचे तीन कापडी बॅगेत. भरलेल्या बॅगा १२, १२, १३ आणि ११ किलो होतात, म्हणजे राखलेले आठ किलो चारही बॅगांत विखुरलेले राहतात. सफरचंदं एकाच बॅगेत कोंबली तर ती बॅग पंधराच्या वर जाईल. एकाच पीएनआरवर वजनाची बेरीज काउंटरवर पुष्कळदा एकत्र धरतात, पण नियमात तसं लिहिलेलं नसेल तर त्यावर विसंबू नये.

बॅगेचं वजन करायला बॅग घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. जाड जॅकेटं अंगावर घालावीत. पॉवर बँक, औषधं आणि बाळाचं दूध केबिनच्या सात किलोंत. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाही. सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा, ते पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनच्या बॅगेतून काढायला लावतात.