न वापरताही म्हातारी होणारी बॅटरी

‘आमच्याकडे वीज क्वचितच जाते, मग इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षांतच कशी गेली?’ नागपूर-अकोल्याकडे हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. बॅटरी वापरली नाही की झिजत नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण वीज असते तेव्हाही इन्व्हर्टर तिला बारीक विद्युतप्रवाह देत राहतो. या फ्लोट अवस्थेत (पूर्ण भरलेली बॅटरी सतत भरलेली ठेवणं) ती जितकी टिकते, ते तिचं फ्लोट आयुष्य.

मंद आचेवर ठेवलेलं दूध कुणी प्यायलं नाही तरी आटतं, तसंच हे. आत धन पट्टीची जाळी (शिशाचा सांगाडा) गंजत असते आणि पाणी कमी होत असतं. उष्णतेनं दोन्हींचा वेग वाढतो. ढोबळ नियम असा की, दर ८ ते १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. २५ अंशांना पाच वर्षं टिकणारी बॅटरी सतत ३५ अंशांत राहिली, तर अडीच वर्षांच्या आसपास संपते.

बंद कपाटात इन्व्हर्टरची ऊबही आतच कोंडते. शिवाय तापमान वाढेल तसा १२ व्होल्टच्या बॅटरीचा फ्लोट व्होल्टेज दर अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्टने उतरवावा लागतो. अनेक साधे इन्व्हर्टर तो उतरवत नाहीत. मग पाणी वारंवार घालावं लागतं. बॅटरी उष्णतेनं झिजत असल्याची तीच पहिली खूण.

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजनही सुटतो, म्हणून कपाटाला केवळ वरची फट पुरत नाही. खाली आणि वर, दोन्हीकडे जाळी हवी. त्याहून बरं म्हणजे बॅटरी उघड्या, सावलीच्या जागी ठेवा.