पुट्टी वाचवणारी १५ मिनिटं

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि भिजवलेली भिंत बघता बघता सुकते. जुना वॉलपेपर काढायचा तर पहिलं भांडण या उन्हाशीच. म्हणून हॉलमध्ये टीव्हीमागच्या भिंतीचं काम घेतलेला पेंटर सकाळी येतो, त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करतो आणि खिडक्याही लावून घेतो. घरमालकाला कुणीतरी सुचवलं होतं, 'सरळ तासून काढा, पुट्टी नवी मारू.' म्हणजे काम वाढणार आणि बिलही.

वरचा थर विनाइलचा, त्यातून पाणी आत जात नाही. सुटलेलं टोक धरून कागद भिंतीला जवळजवळ समांतर ओढला की बराच सोलून येतो. जिथे चिकटून बसतो, तिथे पेंटर जाड पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवतो. कटरने रेघा मारणं सोपं. पण पातं खाली पुट्टीत उतरलं, तर ती रेघ नव्या रंगाखालीही तिरप्या उजेडात दिसते.

मग हाताला सोसेल इतकं कोमट पाणी, त्यात साबणाचे चार थेंब. उकळतं नको. मिथाइल सेल्युलोजची खळ असेल, तर ती फार गरम पाण्यात विरघळतच नाही. वरून खाली दोनदा स्पंज फिरवायचा, त्यावर प्लास्टिक चिकटवायचं आणि थांबायचं.

"१५ मिनिटं, भो," तो हाताखालच्या पोराला सांगतो. पोराचा हात पट्टीकडे गेला की पुन्हा, "१५ मिनिटं."

प्लास्टिक उचललं की जुन्या खळीचा आंबूस वास खोलीभर पसरतो. कागद गडद झालेला असतो, अंगठ्याने दाबला तर सरकतो. पट्टीचे दोन्ही कोपरे त्याने आधीच घासून गोल केलेत. ती तो भिंतीवर जवळजवळ झोपवून धरतो. पट्टीवर कागदाचा करडा लगदा आला, तर काम बरोबर चाललंय. पांढरी भुकटी दिसली, की पुट्टी निघतेय! लगेच हात थांबतो, पुन्हा पाणी, पुन्हा १५ मिनिटं. कोरड्या खरवडीचा आवाज आला तरी तेच.

प्रत्येक भिंतीला हा उपाय चालत नाही. पीओपी जास्त भिजलं तर मऊ पडतं. धुळ्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांतल्या मातीच्या भिंतीला तर असं भिजवणं घातकच. प्रायमर न मारता थेट पुट्टीवर कागद लावला असेल, तर थोडी पुट्टी सोबत येणारच; तिथे ठिगळ लावणं आलं.

शेवटी भिंत स्वच्छ पाण्याने पुसायची. बोटाला बुळबुळीत लागलं तर खळ उरलीय, आणि तिच्यावर रंग मारला तर पुढे पापुद्रे सुटतात. खळ स्टार्चची असेल, तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब निळा-काळा पडून ते सांगतो. या भिंतीवर पहिला थेंब खिडकीजवळ काळा पडला. पेंटरने पोराला पुन्हा पाणी कोमट करायला पाठवलं.