बाटलीचं चित्र, पण कुठल्या बाटलीचं?

पाचवीची दोन दिवसांची सहल रायगडला निघाली होती. डिसेंबर महिना, पहाटे साडेपाचची वेळ, शाळेच्या फाटकाशी बस उभी. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सामानाची यादी मीच पाठवली होती, प्रत्येक वस्तूपुढे एकेक इमोजी लावून. एका मुलीच्या पिशवीत पाण्याची बाटली दिसली नाही म्हणून विचारलं, तर तिने खोबरेल तेलाची बाटली काढून दाखवली. "टीचर, आजीने यादी बघूनच भरलंय." तिच्या मागच्या मुलाकडे सनस्क्रीन होतं. माझ्या यादीत ओळ होती: "🧴 बाटली, 1". हे चित्र लोशनच्या बाटलीचं आहे. मी ते पाण्याची बाटली म्हणून टाकलं होतं आणि आजींनी ते अगदी बरोबर वाचलं होतं.

ताम्हिणी घाटातून जाणाऱ्या बसमध्ये मुलाजवळ पाणी नसणं ही साधी गोष्ट नाही. त्या सहलीनंतर यादीतलं एकेक चित्र मी तपासून घ्यायला लागले.

सगळ्यात आधी एक कळलं, की आपण इमोजी पाठवतो तेव्हा चित्र जात नाही, जातो फक्त त्याचा ठरलेला क्रमांक. टॉर्चचा क्रमांक U+1F526. समोरच्याचा फोन किंवा त्यातलं अ‍ॅप तो क्रमांक वाचून आपल्याजवळचं चित्र दाखवतं. त्यामुळे एकाच टॉर्चचा रंग आणि रोख वेगवेगळ्या फोनवर वेगळा असू शकतो, आणि चित्र साठ्यातच नसेल तर नुसता रिकामा चौकोन दिसतो. टॉर्च, टी-शर्ट, बूट, दप्तर ही चित्रं 2010 पासून युनिकोडच्या यादीत आहेत. टोपी 🧢 आणि मोजे 🧦 आले 2017 मध्ये. टूथब्रश 🪥 मात्र 2020 चा. आजोबांच्या जुन्या फोनवर बाकी सगळं दिसतं आणि नेमका टूथब्रश गायब होतो, तो यामुळे.

काही वस्तूंना चित्रच नाही. टॉवेल नाही, चादर नाही. अशा वेळी हात आपोआप जवळच्या चित्राकडे जातो. चादरीसाठी पलंग, टॉवेलसाठी बाथटब. हा मोह टाळावा. जिचं चित्र नाही त्या वस्तूपुढे मी सरळ निळा ठिपका 🔹 लावते. ठिपका दिसला की वाचणारा शब्दाकडे वळतो, आणि तेच हवं असतं. पाण्याला थेंब 💧 चालतो, कारण यादीत दुसरं पातळ काही नसतं आणि पुढे "पाण्याची बाटली" असे शब्द पूर्ण लिहिलेले असतात.

चित्र स्पष्ट असूनही चुकीची वस्तू घरी येते, तो प्रकार जास्त महाग पडतो. एका वर्षी मी बुटांसाठी 🥾 हे गिर्यारोहणाच्या बुटांचं चित्र वापरलं. गड चढायचा आहे, शोभून दिसेल, एवढाच विचार. दोन घरांनी सहलीसाठी नवे बूट घेतले. नवे बूट पहिल्यांदा घालून रायगडाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे टाचेला फोड येणारच. मला हवे होते रोजचे, पायाला सरावलेले बूट, म्हणजे 👟. सामानाच्या बॅगेसाठी 🧳 टाकलं की चाकांची बॅग येते आणि पाचवीतलं मूल ती मुक्कामाच्या जिन्यावर ओढत बसतं. तिथे 🎒च हवं. कोटाच्या चित्राने 🧥 कुणी ब्लेझर आणतं, कुणी रेनकोट. म्हणून स्वेटरलाही ठिपकाच.

आकड्यांचंही तसंच. दोन टी-शर्ट सांगायला 👕👕 असं लिहू नये. ज्या पालकांची नजर अधू आहे ते फोनकडून संदेश वाचून घेतात, आणि फोन प्रत्येक चित्राचं नाव उच्चारतो. एकच शब्द दोनदा ऐकून त्यातून संख्या कळत नाही. एका ओळीत एक वस्तू, चित्र एकदाच आणि तेही सुरुवातीला, मग शब्द, शेवटी आकडा. गेल्या खेपेची यादी अशी होती:

🚌 बसमध्ये जवळची पिशवी
💧 पाण्याची बाटली, 1 लिटरची, घरून भरून
🍱 दुपारचा डबा, 1
🧢 टोपी, 1

🎒 पाठीवरची सॅक
👕 टी-शर्ट, 2
👖 पँट, 2
🧦 मोजे, 2 जोड
🔦 टॉर्च, 1, सेल घालून
🔹 स्वेटर, 1
🔹 टॉवेल, 1
🔹 पातळ चादर, 1
🔹 टूथब्रश आणि पेस्ट

👟 रोजचे बूट, पायातच

बस आणि सॅक असे दोन भाग केले, कारण बस सुटल्यावर सॅक डिकीत जाते. डबा सॅकमध्ये राहिला तर माणगावपर्यंत हाताला लागत नाही.

या यादीत औषध नाही, हे मुद्दाम. पूर्वी मी 💊 टाकत असे. मग घाटात उलटी होते म्हणून दिलेली गोळी मुलाच्या खिशात असायची, आणि ती कधी घ्यायची हे त्याला ठाऊक नसायचं. ही गोळी वळणं सुरू होण्याआधीच पोटात जायला हवी. म्हणून औषधांसाठी वेगळा संदेश जातो, त्यात एकही चित्र नसतं: डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, मात्रा, वेळ आणि मुलाचं नाव लिहिलेल्या पाकिटातून वर्गशिक्षकांच्या हातात द्यावी. "आणू नये" हेही मी वाक्यात लिहिते. 🚫📱 असं टाकलं तेव्हा एका आईने विचारलं होतं, की मोबाईल बंद करून द्यायचा का? विचारलं म्हणून कळलं. न विचारता बंद मोबाईल सॅकमध्ये घालणारी घरं वेगळीच.

पाठवण्याआधी मी यादी आमच्या शिपाईमामांच्या फोनवर टाकून बघते, त्यांचा फोन स्टाफमध्ये सगळ्यात जुना. कुठे चौकोन दिसला की तिथे ठिपका येतो. मग एक काळीपांढरी प्रत काढते, कारण व्हॉट्सअ‍ॅप नसलेल्या घरी कागदच जातो. पूर्वी "हवंच" ला 🟢 आणि "नसलं तरी चालेल" ला 🔴 लावायचे. झेरॉक्समध्ये दोन्ही गोळे सारखेच राखाडी झाले. तेव्हापासून रंगावर काहीच सोपवलेलं नाही. शेवटी यादी चित्रं झाकून एकदा वाचते. नुसत्या शब्दांवर सॅक भरता आली पाहिजे.

तो कागद आता मुलं सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवतात, परतीच्या सामानासाठी. पाचाडला मुक्काम संपवून निघताना मुलं जोडीजोडीने बसली होती, एक वाचतोय, दुसरा हात घालून चाचपतोय. मोजे दोन जोड, आहेत. चादर, आहे. "टॉर्च?" गादी उचलली. टॉर्च गादीखाली होती, रात्रभर चालूच राहिलेली.