विज्ञान प्रदर्शनाचे चित्रीकरण : परवानगीच्या पत्राबद्दलचे पाच गैरसमज

वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या सेलूमध्ये तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शन भरते, तेव्हा सिंदी रेल्वे, केळझर, हिंगणीकडच्या शाळांची मुलेही आपापले प्रकल्प घेऊन येतात. हल्ली त्यांच्यात एखादा गट असा असतो, ज्याच्या हातात प्रकल्पाऐवजी मोबाइल आणि ट्रायपॉड असतो. हा गट शाळेच्या विद्यार्थी-चॅनेलसाठी चित्रीकरण करायला आलेला असतो. त्यासाठी मुख्याध्यापकांना पत्र द्यायचे असते हे मुलांना माहीत असते. पण त्या पत्रात काय मागायचे, ते कोणी द्यायचे आणि मिळालेल्या परवानगीची हद्द कुठे संपते, याबद्दल मुलांइतकेच शिक्षकांच्याही मनात घोळ असतात. त्यातले पाच इथे पाहू.

गैरसमज १ : प्रदर्शन सर्वांसाठी खुले असते, मग परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : पाहायला येण्याची मोकळीक आणि चित्रीकरण करून ते जगासमोर ठेवण्याची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेचे आवार हा सार्वजनिक रस्ता नाही. तिथे कोणी काय करावे हे ठरवण्याचा अधिकार शाळेच्या प्रशासनाचा आहे, आणि तिथे काही विपरीत घडले तर जबाबही मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो. एखादा पालक आपल्या मुलीचा स्टॉलवरचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो, त्याला कोणी अडवत नाही. पण सलग दोन तास प्रत्येक स्टॉलवर कॅमेरा फिरवून त्याचा व्हिडिओ चॅनेलवर जाणार असेल, तर तो ठरवून केलेला उपक्रम झाला. त्याला लेखी परवानगी हवी.

गैरसमज २ : मुख्याध्यापकांची सही मिळाली की सगळ्यांची परवानगी मिळाली.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. प्रदर्शन आपल्याच शाळेचे असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी पुष्कळ पुढे नेते. तालुकास्तरीय प्रदर्शन मात्र पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचे असते आणि ज्या शाळेत ते भरते ती शाळा यजमान असते. अशा वेळी पत्र यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. तुमची शाळा यजमान नसेल, तर पत्र तुमच्या मुख्याध्यापकांमार्फत जावे.

एवढे झाले तरी मुख्याध्यापक देतात ती परवानगी जागेची आणि वेळेची असते. दुसऱ्या शाळेतल्या आठवीच्या मुलीचा चेहरा, नाव आणि आवाज चॅनेलवर टाकायला त्यांची सही पुरत नाही. तिथे तिच्या पालकांची संमती लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितले आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीसारख्या मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. एखाद्या व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला कायद्यात सूट आहे, पण शाळेच्या नावाने चालणारे चॅनेल त्या सुटीत बसते असे गृहीत धरू नये.

व्यवहारात हे अवघड नाही. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी सहभागी शाळांच्या मार्गदर्शक शिक्षकांकडे अर्ध्या पानाचे संमतीपत्र पाठवावे. त्यात व्हिडिओ कुठे दिसणार, मुलाचे पूर्ण नाव येणार की फक्त शाळा आणि इयत्ता, आणि नंतर नको वाटल्यास कोणाला कळवायचे, एवढे असले की पुरे. ज्यांचे संमतीपत्र आलेले नाही त्यांच्या स्टॉलवर फक्त प्रकल्प आणि हात दिसतील असे चित्रीकरण करावे. अशा स्टॉलच्या कोपऱ्यावर सकाळीच रंगीत टिकली चिकटवून ठेवली, तर गर्दीत कॅमेरावाल्याला विचारत बसावे लागत नाही.

गैरसमज ३ : प्रकल्प जितका उलगडून दाखवू, तितका त्या मुलाचा फायदा.

वस्तुस्थिती : बहुतेक प्रकल्पांच्या बाबतीत हे खरे आहे. ज्वालामुखीची प्रतिकृती किंवा ठिबक सिंचनाचा नमुना कितीही बारकाईने दाखवला तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण एखादा प्रकल्प खरोखर नवा असतो आणि तिथे व्हिडिओ त्याच मुलाच्या आड येऊ शकतो.

समजा, बोर अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या एका मुलाने रानडुकरांना शेतातून पळवणारे यंत्र केले आहे आणि त्यातली आवाज बदलत राहण्याची युक्ती कोणी आधी केलेली नाही. पेटंट मिळण्यासाठी शोध अर्जाच्या तारखेपर्यंत जगासमोर उघड झालेला नसावा लागतो. चॅनेलवरच्या व्हिडिओवर तर तारीखच असते. आतली जोडणी आणि युक्ती त्यात सविस्तर दिसली, तर पुढे अर्ज तपासताना तोच व्हिडिओ ‘हे आधीच माहीत होते’ याचा पुरावा ठरू शकतो.

इथे आणखी एक समज आडवा येतो, की प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात ती आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनांना ते कलम लागू केले आहे, त्यांच्यासाठीच. तालुक्याच्या प्रदर्शनात मांडले म्हणून ती आपोआप मिळत नाही.

म्हणून चित्रीकरणाआधी प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकाला एकच प्रश्न विचारावा : या प्रकल्पासाठी पेटंटचा विचार आहे का, किंवा तो ‘इन्स्पायर-मानक’सारख्या योजनेत गेला आहे का? या योजनेत निवडलेल्या कल्पनेला नमुना करण्यासाठी १० हजार रुपये मिळतात आणि त्यातल्या काही कल्पना पुढे राष्ट्रीय पातळीपर्यंत जातात. उत्तर ‘हो’ असेल तर यंत्र काय करते ते दाखवावे, कसे करते ते दाखवू नये. डबा बंद ठेवून बाहेरून चित्रीकरण करावे आणि सर्किटचा तक्ता चौकटीत येऊ देऊ नये.

गैरसमज ४ : पत्र म्हणजे परीक्षेतले पत्रलेखन. मायना आणि नम्र भाषा असली की झाले.

वस्तुस्थिती : मायना हवाच, पण मुख्याध्यापकांना पत्र वाचून निर्णय घ्यायचा असतो. ‘चित्रीकरणाची परवानगी मिळावी ही नम्र विनंती’ एवढ्यावर निर्णय घेता येत नाही, म्हणून असे पत्र टेबलावर पडून राहते किंवा ‘नंतर बघू’ असे उत्तर येते. कोण, कधी, कुठे, कशाने, कशासाठी आणि अडचण आली तर काय, हे कळले की ‘हो’ म्हणणे सोपे जाते. शाळेत विद्यार्थ्यांना मोबाइल आणू देत नसतील, तर कोणाचा मोबाइल वापरणार हेही लिहावे लागते. पत्र साधारण असे असावे :

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(यजमान शाळेचे नाव), सेलू, जि. वर्धा
मार्फत : मा. मुख्याध्यापक, (आपल्या शाळेचे नाव)

विषय : तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाचे विद्यार्थी-चॅनेलसाठी चित्रीकरण करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
आपल्या शाळेत दि. ___ रोजी होणाऱ्या प्रदर्शनाचे चित्रीकरण आम्ही इयत्ता नववीचे चार विद्यार्थी करू इच्छितो. आमच्यासोबत आमचे विज्ञान शिक्षक पूर्ण वेळ असतील. चित्रीकरण त्यांच्याच मोबाइलवर होईल. एक ट्रायपॉड असेल, विजेची जोडणी लागणार नाही.
वेळ : सकाळी ११ ते दुपारी १. परीक्षण चालू असलेल्या स्टॉलजवळ आम्ही जाणार नाही.
पालकांचे संमतीपत्र असलेल्या विद्यार्थ्यांचेच चेहरे दाखवू. इतर स्टॉलवर केवळ प्रकल्प दाखवू. मार्गदर्शक शिक्षकांनी नको सांगितलेला भाग घेणार नाही.
तयार व्हिडिओ (सुमारे ८ मिनिटे) आधी आपणांस दाखवू आणि आपल्या होकारानंतरच शाळेच्या चॅनेलवर टाकू. त्यात जाहिरात नसेल व टिप्पण्या बंद असतील. कोणत्याही पालकाने कळवल्यास तो भाग २४ तासांत काढून टाकू.
तरी परवानगी द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
(विद्यार्थ्यांच्या सह्या) (विज्ञान शिक्षकांची सही)
प्रत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, सेलू

या पत्रातले परीक्षणाबद्दलचे वाक्य गाळू नये. परीक्षक प्रश्न विचारत असताना समोर कॅमेरा आला तर मूल अडखळते. शिवाय परीक्षकांचे बोलणे चुकून चित्रित झाले तर निकालावर वाद होऊ शकतो. परवानगी नाकारण्यामागे बऱ्याचदा हीच भीती असते.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाळेच्या कार्यालयात देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. मुख्याध्यापकांनी तोंडी ‘करा’ म्हटले तरी अर्जावर तसा शेरा आणि सही मागावी. प्रदर्शनाच्या दिवशी ते समारंभात अडकलेले असतात आणि फाटकावरच्या शिक्षकाला तोंडी परवानगीची कल्पना नसते. हातात तो कागद असला की प्रश्न तिथेच मिटतो.

गैरसमज ५ : शाळेचा कार्यक्रम आहे, तेव्हा व्हिडिओला कोणतेही गाणे लावता येते.

वस्तुस्थिती : १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण तिची हद्द ठरलेली आहे. शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक अशा मर्यादित प्रेक्षकांसमोर शाळेच्या कार्यक्रमात गाणे सादर करणे त्या सवलतीत येते. तेच चित्रपटगीत व्हिडिओला जोडून सगळ्या जगासाठी चॅनेलवर टाकणे येत नाही. यूट्यूबची यंत्रणा असे गाणे आपोआप ओळखते. मग आवाज बंद होतो, व्हिडिओ अडवला जातो किंवा त्यावर हक्कदाराच्या जाहिराती लागतात. पत्रात ‘जाहिरात नसेल’ असे लिहून दिलेले असेल, तर तुमचा शब्दच मोडतो. मंडपात मागे लाउडस्पीकरवर गाणे चालू असेल, तरी ते व्हिडिओत पकडले जाते. मुलाखती गाणे थांबल्यावर घ्याव्यात, आणि व्हिडिओला संगीत हवेच असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतले मोफत संगीत वापरावे.

‘चॅनेल विद्यार्थ्यांचे, म्हणून खातेही विद्यार्थ्याच्या नावे’ हेही टाळावे. जुलै २०२५ पासून यूट्यूबवर १६ वर्षांखालील मुलांना एकट्याने थेट प्रक्षेपण करता येत नाही. शिवाय दहावी झालेला मुलगा शाळा सोडून गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो, आणि २४ तासांत भाग काढून टाकण्याचे आश्वासन पाळायला कोणी उरत नाही. खाते शाळेच्या ईमेलवर असावे आणि ते शिक्षकांच्या ताब्यात राहावे.

यंदा प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की पत्र निदान आठ दिवस आधी द्या, संमतीपत्रे त्याच दिवशी रवाना करा आणि व्हिडिओ टाकण्याआधी मुख्याध्यापकांना एकदा पूर्ण दाखवा. पत्रात लिहून दिलेले या वर्षी तंतोतंत पाळले, तर पुढच्या वर्षीच्या गटाला परवानगी मिळवणे सोपे जाईल.