एक व्यवहार, दोन खाती

समजा, सांगलीत एका बाईंनी मसाल्याचा धंदा सुरू केला. बचतीतले 50,000 रुपये घातले आणि एक वही केली. आलेले पैसे डाव्या पानावर, गेलेले उजव्या पानावर. महिनाअखेरीस वहीप्रमाणे 23,000 शिल्लक निघाले, गल्ल्यातही तेवढेच होते. म्हणजे वही बरोबर आहे. पण या आकड्यावरून धंदा कसा चालला आहे ते कळतं का? 50,000 चे 23,000 झाले म्हणून बुडाला म्हणावं, तर घरात 30,000 चं कांडप यंत्र उभं आहे. आणि मिरची-धने देणाऱ्या व्यापाऱ्याचे 12,000 द्यायचे आहेत, त्याचा तर वहीत उल्लेखच नाही, कारण उधारीच्या खरेदीत रोख हललीच नाही.

ही वही फक्त एका गोष्टीवर नजर ठेवते, ती म्हणजे रोख. तिची अडचण तिथेच आहे. कुठलाही पैसा आपोआप येत नाही आणि हवेत विरून जात नाही. तो कुठून तरी येतो, कुठे तरी जातो. यंत्र घेतलं तेव्हा 30,000 गेले हे खरं, पण त्याच क्षणी 30,000 चं यंत्र आलं. या दोन घटना नाहीत, ही एकाच घटनेची दोन टोकं आहेत. दुहेरी नोंद पद्धत ही दोन्ही टोकं लिहून ठेवते. पैसा किंवा वस्तू जिथे गेली ते खातं ‘नावे’ आणि जिथून आली ते खातं ‘जमा’. रक्कम दोन्हीकडे तीच.

बाईंचा महिना आता या पद्धतीने मांडू. पहिल्या दिवशी 50,000 धंद्यात आले, म्हणून रोख खातं नावे. आले कुठून? मालकिणीकडून, म्हणून भांडवल खातं जमा. नवख्या माणसाला इथेच पहिली ठेच लागते. स्वतःचेच पैसे स्वतःच्याच धंद्यात घातले, त्यात देणं-घेणं कसलं? पण हिशेबात धंदा आणि मालक ही दोन वेगळी माणसं धरतात. धंद्याच्या नजरेने बाईंनी त्याला 50,000 दिले, आणि तेवढं तो त्यांचं देणं लागतो. हे वेगळेपण मान्य केलं नाही तर दुसरं खातं सापडतच नाही.

मग यंत्र आलं: यंत्र खातं नावे 30,000, रोख जमा 30,000. व्यापाऱ्याकडून माल उधार आला: खरेदी खातं नावे 12,000, व्यापाऱ्याचं खातं जमा 12,000. रोखीला हातही न लावता नोंद झाली आणि देणं वहीत उतरलं. एका खानावळीला 9,000 चा मसाला उधार दिला: खानावळ नावे, विक्री जमा. खानावळीने त्यातले 5,000 चुकते केले: रोख नावे, खानावळ जमा. आणि घरच्या किराण्यासाठी बाईंनी गल्ल्यातून 2,000 काढले: उचल खातं नावे, रोख जमा. किराण्याचे पैसे हा धंद्याचा खर्च नव्हे, म्हणून त्यांना वेगळं खातं.

प्रत्येक व्यवहारात खाती दोनच असतील असं मात्र नाही. पुढे व्यापाऱ्याचे 12,000 फेडताना त्याने 200 रुपये वटाव दिला, तर व्यापारी नावे 12,000, रोख जमा 11,800 आणि वटाव जमा 200. खाती तीन झाली, पण दोन्ही बाजू 12,000 वरच थांबल्या. किमान दोन खाती आणि बाजू सारख्या, एवढाच नियम आहे.

‘जमा म्हणजे चांगलं आणि नावे म्हणजे वाईट’ हा समज बहुधा बँकेच्या पासबुकातून येतो. आपण पैसे भरले की पासबुकात ‘जमा’ दिसतं. पण पासबुक हे बँकेच्या वहीतलं आपलं खातं आहे. पैसे आपल्याकडून आले, म्हणून बँकेने आपल्याला जमा दिली. ती आपलं देणं लागते. आपल्या वहीत तोच व्यवहार उलटा पडतो: पैसे बँकेत गेले, म्हणून बँक खातं नावे. हे एकदा उमजलं की जमा-नावे पाठ करावं लागत नाही. वही कोणाची आहे, एवढं विचारायचं.

ही रीत काही आजची नाही. 1340 सालचे जेनोआ नगरीचे हिशेब याच पद्धतीने ठेवलेले आहेत. 1494 मध्ये लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर समजावून सांगितली. शोध त्याचा नव्हता. व्हेनिसचे व्यापारी जे करत होते तेच त्याने लिहून काढलं.

आता महिनाअखेरीची तेरीज. नावे बाजूला रोख 23,000, यंत्र 30,000, खरेदी 12,000, खानावळीकडून येणं 4,000 आणि उचल 2,000. जमा बाजूला भांडवल 50,000, व्यापाऱ्याचं देणं 12,000 आणि विक्री 9,000. दोन्ही बेरजा 71,000. प्रत्येक नोंद दोन्हीकडे सारखी केली असेल, तर तेरीज जुळलीच पाहिजे. दुसरी नोंद ही अशी पहिलीवर पहारा ठेवते.

नाही जुळली तर फरकच वाट दाखवतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते: 23,000 च्या जागी 32,000 लिहिलं की फरक 9,000 येतो. आणि उचलीचे 2,000 चुकून जमा बाजूला मांडले, तर फरक दुप्पट, 4,000 येतो. म्हणून जाणता कारकून फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद आधी शोधतो. मात्र खानावळीचे 4,000 मांडायचे राहिले तरी फरक तेवढाच येईल, तेव्हा दोन्ही जागा तपासाव्या लागतात.

पण काही चुका या पहाऱ्यालाही चुकवतात. यंत्राच्या दुरुस्तीचे 1,500 रुपये यंत्र खात्याला नावे टाकले, तर बाजू सारख्याच राहतात. तेरीज जुळते, पण खर्च मालमत्ता बनून बसतो आणि नफा 1,500 ने फुगतो. संगणकावरचा हिशेबही इथे मदतीला येत नाही. तो बाजू न जुळणारी नोंद नाकारेल, पण खातं चुकलं हे त्याला कसं कळणार? आणि व्यापाऱ्याचं बिल पिशवीतच राहिलं, तर दोन्ही नोंदी एकदमच गायब होतात. तेरजेत त्याचा मागमूसही उरत नाही.

अशा वेळी दुसऱ्याची वही कामी येते. जो माल आपल्या वहीत व्यापाऱ्याला जमा आहे, तोच त्याच्या वहीत आपल्या नावे आहे. म्हणून जुने दुकानदार दर महिन्याला व्यापाऱ्याकडून खातेउतारा मागवतात आणि आपल्या खात्याशी ओळ न ओळ ताडून बघतात. त्याच्या उताऱ्यात असलेली एखादी रक्कम आपल्याकडे सापडली नाही, की आधी पिशव्या आणि खण धुंडाळायचे.